'थ्रू'मध्ये गप्प, 'इनफ'मध्ये 'फ' : हा जी-एच नक्की आहे तरी कोण?

खडूफळा

आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवतो, गाव तालुक्यापासून बरंच आत आहे. परवा एकाच उताऱ्यात 'दो', 'थ्रू' आणि 'इनफ' हे तिन्ही शब्द आले. तिन्हींच्या शेवटी ओ-यू-जी-एच. मी नेहमीप्रमाणे "जी-एच सायलेंट असतो" म्हणून पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, सायलेंट आहे तर 'इनफ'मधला फ कोण म्हणतंय?"

प्रश्न बिनतोड आहे. 'नाइफ'मधला के गप्प असतो, 'लॅम'मधला शेवटचा बी गप्प असतो, एवढं मुलांना पटतं. पण हा जी-एच एका शब्दात गप्प आणि दुसऱ्यात चक्क भलत्याच अक्षराचा आवाज काढतो. "इंग्रजी तशीच आहे, पाठ करा" हे उत्तर मला द्यायचं नाही. एक तर कारण हवंय, आणि दुसरं म्हणजे वर्गात हे कसं बसवायचं ते. जाणकारांनी लिहावं.

बोरूबहाद्दर

गुरुजी, कारण सोपं आहे. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या कारकुनांनी इंग्रजीची स्पेलिंग आपल्या पद्धतीने लिहून वाट लावली. तेव्हापासून नियम असा नाहीच. बर्नार्ड शॉने तर दाखवूनच दिलं होतं की 'फिश'चं स्पेलिंग जी-एच-ओ-टी-आय असं करता येईल. 'इनफ'मधला जी-एच म्हणजे फ, 'विमेन'मधला ओ म्हणजे इ, 'नेशन'मधला टी-आय म्हणजे श. झाला की फिश! ज्या भाषेत हे चालतं तिथे कारण कसलं शोधता?

जुनीपोथी

बोरू, नॉर्मन कारकुनांचं निम्मं बरोबर आहे, पण वाट त्यांनी लावली नाही. उलट त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं.

आधी त्या माशाचं बघू. ही गंमत शॉच्या नावावर खपते, पण १८५५ सालच्या एका पत्रात ती लिहिलेली सापडते आणि शॉ जन्मला १८५६ साली. दुसरं म्हणजे ती गंमत म्हणूनच ठीक आहे. शब्दाच्या सुरुवातीला जी-एच कधीच फ होत नाही. 'घोस्ट' घ्या. तिथला एच मुळात नव्हताच, तो छापखान्याच्या काळात फ्लेमिश स्पेलिंगच्या वळणाने आला. 'घी' आणि 'घाट' तर त्यांनी आपल्याकडूनच नेले. फ फक्त शब्दाच्या शेवटी किंवा शेवटाच्या जवळ येतो आणि तोही ठरावीक स्वरांनंतरच. म्हणजे नियम आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, तोंडात सापडतो.

खडूफळा सर, तुमच्या विद्यार्थिनीला (किंवा विद्यार्थ्याला) सांगा की तो जी-एच एकेकाळी खरा आवाज होता, पण ना ग, ना ह, ना फ. उर्दूतला 'ख़बर'चा ख़ घशातून घासत येतो ना, तो. आपला 'खडू'मधला ख नाही, कारण त्यात हवा अडते आणि मग सुटते. ख़ मध्ये हवा अडत नाही, नुसती घासते. जर्मन लोक 'नाख़्ट' म्हणतात, म्हणजे रात्र. तोच शब्द इंग्रजीत 'नाइट'. नॉर्मन येण्याआधी इंग्रज हा आवाज नुसत्या एच ने लिहीत. नंतरच्या लेखनिकांनी साध्या ह पासून तो वेगळा दिसावा म्हणून जी-एच लिहायला सुरुवात केली. तेव्हा ते अगदी शहाणपणाचं स्पेलिंग होतं.

पुढे इंग्रजांच्या घशातून हा ख़ हळूहळू गेला. जाताना त्याने दोन वाटा घेतल्या : काही ठिकाणी तो नुसता विरला, काही ठिकाणी त्याचा फ झाला. स्पेलिंग तेवढं जुनंच राहिलं.

वाघोबा_लंडनचे

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटतंय. आडनाव वाघ, रोमनमध्ये डब्ल्यू-ए-जी-एच. इथे ऑफिसात मला कुणी 'वॅग' म्हणतं, कुणी 'वाह', आणि एक बाई गेली कित्येक वर्षं न चुकता 'मिस्टर वाफ' म्हणतात. मला वाटायचं त्यांना ऐकू कमी येतं. आत्ता कळतंय की त्या 'लाफ'च्या चालीवर वाचतायत! यावर काही उपाय?

जुनीपोथी

वाघसाहेब, त्या बाईंचं वाचन इंग्रजीच्या हिशोबाने चोख आहे हो. एल-ए-यू-जी-एच चं लाफ, मग तुमचं वाफ. फक्त तुमच्या नावात यू नाही, आणि तो यू महत्त्वाचा आहे. त्यावर खाली येतोच. रोमनमध्ये आपण घ साठी जी-एच लिहितो आणि त्यांच्याकडे तो मेलेल्या ख़ ची खूण आहे. तुम्ही आणि त्या, दोघंही बरोबर.

करिअर_ओरिएंटेड

सर नमस्कार, मला पण इंटरव्ह्यूसाठी ॲक्सेंट सुधारायचा आहे. सर्व सायलेंट लेटर्सची यादी पीडीएफमध्ये कुणाकडे असेल तर कृपया टाकावी. अर्जंट आहे.

खडूफळा

पोथी, हे फारच पटण्यासारखं आहे. पण मग दोन वाटा का? 'दो'मध्ये विरला आणि 'इनफ'मध्ये फ झाला, याला काही कारण की नुसता योगायोग? आणि ख़ चा फ होतोच कसा? एक आवाज घशात, दुसरा ओठावर.

जुनीपोथी

दुसरा प्रश्न आधी, कारण तो करून बघता येतो. ओठ पसरून, 'ई' म्हणताना असतात तसे ठेवून, घशातून ख़ काढा. मग ओठ 'ऊ' सारखे गोल करून तोच ख़ काढा. दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला तो जवळजवळ फुंकर मारल्यासारखा, फ च्या जवळचा वाटतो. 'ऊ' किंवा 'औ' म्हणून त्याला जोडून ख़ म्हटला की ओठ गोलच राहतात. लहान मुलं आईबापांचं असं ऐकून ऐकून फ च म्हणायला लागली. आवाज घशातून ओठापर्यंत चालत गेला नाही, ऐकणाऱ्याने तो ओठावर ऐकला.

यातून एक पक्की गोष्ट हाती येते. जी-एच च्या आधी इ किंवा ए चा संबंध असेल, म्हणजे 'नाइट', 'हाय', 'साय' (सुस्कारा), 'वेट' (वजन), 'एट', 'नेबर', तर फ कधीही होत नाही. एकही अपवाद मला माहीत नाही. ओठ पसरलेले असताना फ ऐकू येणार कुठून? फ चा धोका फक्त ए-यू आणि ओ-यू नंतर. म्हणूनच वाघसाहेबांचा यू.

आणखी एक कुंपण आहे. जी-एच नंतर लगेच टी असेल तर जी-एच गप्प : 'थॉट', 'बॉट', 'ब्रॉट', 'फॉट', 'कॉट', 'टॉट', 'डॉटर'. अपवाद हाताच्या बोटावर मोजण्याइतके, वाऱ्याची झुळूक किंवा बिअरचा 'ड्राफ्ट' (डी-आर-ए-यू-जी-एच-टी) त्यातला नेहमी भेटणारा. 'लाफ्टर' हा मात्र 'लाफ'चाच मुलगा, म्हणून त्याला सोडून द्या. दुष्काळाचा 'ड्राउट' नियम पाळतो, जी-एच गप्पच राहतो, पण स्वर वेगळा. पेपरात तो शब्द रोज येतो आणि अर्धी माणसं 'ड्रॉट' म्हणतात.

हे सगळं बाजूला काढल्यावर गोंधळ उरतो तो फक्त शब्दाच्या अगदी शेवटी ओ-यू-जी-एच असेल तिथे. आणि रोजच्या इंग्रजीत असे शब्द फार नाहीत. फ वाले : रफ, टफ, इनफ, कॉफ, ट्रॉफ (म्हणजे गुरांची गव्हाण), आणि ए-यू वाला एकटा लाफ. बाकी सगळे गप्प.

बोरूबहाद्दर

आपण खोकल्याला 'कफ सिरप' म्हणतो ते मग चूक म्हणायचं? बाटलीवर सुद्धा तसंच लिहिलेलं असतं.

जुनीपोथी

इंग्रजी उच्चार कॉफ. आपल्याला आयुर्वेदातला कफ आधीपासून माहीत, खोकताना तोच पडतो, म्हणून तो शब्द आपोआप तिथे जाऊन बसला. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मराठीत 'कफ सिरप' म्हणा की खुशाल, औषध लागू पडतं.

ॲबरडीनकर_मावशी

मी इथे वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. पोथी ज्याला मेलेला म्हणतायत तो आवाज आमच्याकडे रोज रात्री पाळीवर असतो. इथली ऐंशीच्या पुढची खेड्यातली माणसं 'नाइट'ला सरळ 'निख़्ट' म्हणतात, 'ब्राइट'ला 'ब्रिख़्ट'. आणि गंमत म्हणजे 'इनफ'ला 'इन्यूख़'! पहिल्या आठवड्यात एक आजोबा सूप वाढताना सारखे 'इन्यूख़, इन्यूख़' म्हणत होते, मला वाटलं ठसका लागलाय, मी पाठ थोपटत बसले. त्यांना फक्त "पुरे" म्हणायचं होतं.

त्यांच्या नातवंडांच्या तोंडी मात्र 'इनफ'च आहे. तळ्याला 'लॉख़' सगळे म्हणतात, तिथे ख़ अजून टिकून आहे. पण इंग्लंडहून आलेले डॉक्टर त्यालाही 'लॉक' करून टाकतात.

खडूफळा

मावशी, हे वर्गात सांगणार. पोथी, पहिला प्रश्न राहिला. 'इनफ'ला फ आणि 'प्लाउ'ला (नांगर) गप्प, असं का? दोन्ही ओ-यू-जी-एच, दोन्ही शेवटी.

जुनीपोथी

हे दोनच शब्द घेऊन नीट बघू, तुम्ही निवडलेत अगदी नेमके.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आणि विशेषणांना विभक्ती लागायच्या, आपल्यासारख्या. मराठीत 'पाऊस' म्हणतो, पण प्रत्यय लागला की 'पावसात' होतं, ऊ चा व होतो. तसंच तिथे होतं. 'पुरेसं' हा शब्द एकटा असला की शेवटी ख़, साधारण 'येनोख़'. पण पुढे प्रत्यय लागला की तो व्यंजनाचा आवाज दोन स्वरांच्या मध्ये सापडायचा आणि मऊ व्हायचा, 'येनोगे', ज्यातला ग ही घासूनच म्हणायचा. नांगराचंही तसंच : एकटा 'प्लोख़', अनेकवचनी 'प्लोगस'.

मधला हा मऊ ग पुढे व होऊन स्वरात मिसळला. म्हणजे प्रत्येक शब्दाची दोन रूपं गावात फिरायला लागली, एक ख़ वालं आणि एक व वालं. नंतर विभक्ती गळाल्या, आणि प्रत्येक शब्दाला दोनांपैकी एक रूप ठेवायची वेळ आली. नांगराने व वालं ठेवलं. लांब ऊ चा पुढे 'आउ' झाला ('हूस'चं 'हाउस' झालं त्याच लाटेत), म्हणून 'प्लाउ'. झाडाच्या फांदीचा 'बाउ' तसाच. 'पुरेसं'ने ख़ वालं ठेवलं, ख़ चा फ झाला, आणि आधीचा लांब ऊ नंतर आखडून शेवटी अ सारखा झाला. 'इनूख़', 'इनूफ', 'इनफ'.

ही नुसती कल्पना नाही, कारण टाकून दिलेलं रूपही कागदावर सापडतं. जुन्या कवितांत 'इनाउ' असा शब्द येतो, ई-एन-ओ-डब्ल्यू, अर्थ 'पुरेसे', आणि तो अनेकवचनाबरोबर वापरत. तेच ते व वालं रूप. उलट बाजूने 'डो' (कणीक) बघा. प्रमाण इंग्रजीत जी-एच गप्प. पण उत्तरेकडच्या बोलीत तोच शब्द 'डफ' झाला, आणि 'प्लम डफ' नावाच्या पुडिंगात तो अजून आहे. एकच शब्द, दोन्ही वाटांनी गेलेला.

'दो' आणि 'थ्रू' मध्ये मात्र एवढं स्वच्छ कारण मला देता येणार नाही. हे दोन्ही शब्द वाक्यात बहुतेक वेळा जोर न देता, पटकन म्हटले जातात, आणि असा शब्द झिजतो लवकर, हे एक कारण पटण्यासारखं आहे. पण काही बोलींत 'दोफ' सारखे उच्चारही होते. लंडनमध्ये चारी दिशांनी माणसं येऊन राहिली, प्रत्येकाने आपापल्या गावचा उच्चार आणला, आणि कुठला शब्द कुणाच्या तोंडचा टिकला याला शेवटी फार अर्थ लावता येत नाही.

'थ्रू'बद्दल एक मात्र सांगायलाच हवं. 'थ्रू' आणि 'थरो' (संपूर्ण, कसून) हे मुळात एकच. 'थुर्ख़' असा शब्द होता. पटकन म्हटला तर 'थ्रू' झाला, जोर देऊन म्हटला तर मध्ये एक स्वर शिरून 'थरो'. मुलं या दोघांत गोंधळतात त्यात त्यांचा दोष नाही.

बोरूबहाद्दर

ठीक, मी मुद्दा बदलतो. म्हणजे थोडक्यात असं की प्रत्येक सायलेंट अक्षर एकेकाळी बोललं जायचं. स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चाराचा फोटो.

जुनीपोथी

पुन्हा निम्मं! 'नाइफ'चा के, 'राइट'चा डब्ल्यू, 'नाइट'चा जी-एच, हे बोलले जायचे. पण 'डेट' (कर्ज) मधला बी इंग्रजांनी कधीच म्हटला नाही. शब्द फ्रेंचमधून बी शिवाय आला, मग लॅटिन शिकलेल्यांना वाटलं की मूळ शब्दात बी आहे तर तो दिसला पाहिजे, म्हणून घुसडला. 'डाउट'चं तेच. 'आयलंड'मधला एस चुकून आला, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता.

आणि आपला जी-एच सुद्धा यातून सुटला नाही. 'डिलाइट' हा फ्रेंचकडून आलेला शब्द, त्यात ख़ कधीच नव्हता. 'लाइट'शी यमक जुळतं म्हणून लोकांनी त्यालाही जी-एच लावून टाकला. तेव्हा फोटोत काही माणसं नंतर चिकटवलेली आहेत. कुठली, ते शब्द बघून कळत नाही, इतिहास माहीत असावा लागतो.

निवृत्त_बाई

खडूफळा सर, मी छत्तीस वर्षं मराठी माध्यमात इंग्रजी शिकवलं. हा इतिहास गोड आहे, तासाला पाच मिनिटं जरूर सांगा, मुलांचे कान टवकारतात. पण त्याने वाचन सुधारत नाही, हे आधीच सांगते.

मुलांच्या चुका नीट ऐका, म्हणजे कळेल. 'टफ'ला 'टो' म्हणणारं मूल क्वचित. नेहमीची चूक असते 'थ्रू'च्या जागी 'दो', 'थॉट'च्या जागी 'थ्रू', 'थरो'च्या जागी 'थ्रू'. म्हणजे गडबड जी-एच ची नाहीच. मूल टी-एच बघतं, पुढे अक्षरांचं जंगल बघतं आणि अंदाजाने काहीतरी म्हणून मोकळं होतं. आर आहे का, शेवटी टी आहे का, हे बघतच नाही.

म्हणून मी ओ-यू-जी-एच वर बोट ठेवून झाकायला लावायची. झाकल्यावर उरतं काय? नुसता टी-एच उरला, तर 'दो'. टी-एच-आर उरला, तर 'थ्रू'. टी-एच आणि शेवटी टी, तर 'थॉट'. टी-एच-ओ-आर, म्हणजे बोटाच्या आधीच एक स्वर बाहेर राहिला, तर 'थरो', दोन तुकड्यांचा. नुसता टी, तर 'टफ'. ई-एन, तर 'इनफ'. झाकलेला भाग कुठला आवाज देतो ते बाहेर उरलेल्या अक्षरांवरून ठरतं, हे मुलांच्या हातालाच कळतं.

आणि तपासायचं कसं, तर सुटे शब्द वाचायला देऊ नका, तिथे ती पाठ म्हणून दाखवतात. 'दो', 'थ्रू' आणि 'थरो' एकाच वाक्यात टाका. "जरी तो कसून शोधत दिवसभर जंगलातून फिरला" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य केलं की तिन्ही येतात. जे मूल अडखळून, मागे जाऊन दुरुस्त करतं, ते शिकलंय. जे गडगडत चुकीचं वाचून पुढे जातं, ते अजून अंदाजावर आहे.

खडूफळा

बाई, बोटाचं उद्याच करतो. एक शंका. फळ्यावर मी उच्चार देवनागरीत लिहून देतो. 'दो', 'डो', 'थ्रू', 'इनफ'. हे बरोबर की यानेही घोळ होतो?

निवृत्त_बाई

'दो' आणि 'डो' साठी तर आपली लिपी वरदान आहे. 'जरी' अर्थाच्या 'दो'ला द, कणकेच्या 'डो'ला ड. रोमनमध्ये एवढं सरळ दाखवता येत नाही. पण 'थ'ला जपा. आपला 'थांब'मधला थ दातांवर जीभ आपटून येतो, त्यांचा जीभ दातांत हलकी ठेवून हवा सोडून येतो. आणि 'इनफ'चा फ ओठ मिटून 'फळ'सारखा म्हणायचा नाही, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. एकदा तोंडाने दाखवा, मग फळ्यावर काहीही लिहा.

ॲबरडीनकर_मावशी

बाईंशी सहमत, पण 'थरो'वर जरा थांबा. इथे 'थरा' म्हणतात, शेवटचा स्वर अगदी पडलेला. अमेरिकेतली माझी भाची स्वच्छ 'थरो' म्हणते. मुलांना कुठलं शिकवायचं?

निवृत्त_बाई

मी 'थरो' शिकवलं. परीक्षकाला दोन्ही चालतं.

कोकणी_माणूस

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा इंग्रजांनी स्पेलिंग सुधारून का घेतली नाहीत? आपण घेतलीच की! माझ्या आजोबांची पत्रं घरात आहेत, त्यात 'नांव', 'कांहीं', 'तें', 'पांच', सगळीकडे डोक्यावर टिंबं. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी ही न बोलली जाणारी टिंबं काढून टाकली आणि आमची पिढी सुटली.

जुनीपोथी

प्रयत्न झाले की. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंग सरकारी छपाईत लागू करण्याचा हुकूम काढला. त्यात 'दो' म्हणजे टी-एच-ओ आणि 'थ्रू' म्हणजे टी-एच-आर-यू होतं. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला, हुकूम मागे घ्यावा लागला. शिकागो ट्रिब्यूनने १९३४ पासून स्वतःच्या पानांवर अशी स्पेलिंग चालवली आणि १९७५ मध्ये कंटाळून 'दो', 'थ्रू' जुन्या स्पेलिंगवर परत नेले. शिक्षकांची तक्रार होती की मुलं शाळेत एक शिकतात आणि पेपरात दुसरं बघतात. नांगराचं पी-एल-ओ-डब्ल्यू मात्र अमेरिकेत रुळलं.

मुळात उशीर झाला होता. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तेव्हा ख़ बऱ्याच जणांच्या तोंडी होता, पण सगळ्यांच्या नव्हता. त्याच शतकातल्या पॅस्टन कुटुंबाच्या पत्रांत 'मुलगी' हा शब्द जी-एच शिवाय लिहिलेला सापडतो, म्हणजे नॉरफोकमधल्या त्या घरात तो आवाज गेलेला होता. छापणाऱ्यांनी जुनं स्पेलिंग धरलं, पुस्तकं वाढत गेली, आणि बोलणं पुढे निघून गेलं. आज बदलायचं तर कुणाच्या उच्चारावर? मावशींच्या आजोबांच्या की त्यांच्या नातवंडांच्या?

कोकणी_माणूस

हे वाचून एक आठवलं. ती टिंबं न बोललेली म्हणतात, पण माझी आजी, मालवणजवळची, 'पांच' आणि 'कांय' खरोखर नाकातून म्हणायची. गोव्याच्या बाजूला तर अजून ऐकू येतं. म्हणजे आमच्याकडे ते टिंब गप्प नव्हतंच, पुण्याच्या कानाला गप्प होतं. मग १९६२ मध्ये काढलं ते बरं झालं की वाईट?

जुनीपोथी

शाळेतल्या मुलांसाठी बरं झालं. आजीच्या बोलीचा कागदावरचा पुरावा मात्र गेला. मला दोन्ही खरं वाटतं आणि त्यातलं एक निवडता येत नाही.

निवृत्त_बाई

मला येतं. टिंबं तपासून माझे डोळे गेले असते. बरंच झालं.

वाघोबा_लंडनचे

आज त्या बाईंना सांगितलं की जी-एच म्हणजे आमच्याकडे घ, आणि 'घोस्ट'सारखा म्हणायचा. आता त्या 'वाग' म्हणतायत. प्रगती आहे. पण नवीन अडचण : पुढच्या महिन्यात ज्या गावी ऑफिस हलतंय त्याचं स्पेलिंग एस-एल-ओ-यू-जी-एच. हे 'स्लफ' की 'स्लो'?

जुनीपोथी

दोन्ही नाही, 'स्लाउ'. पण 'स्लफ' असा शब्दही आहे, स्पेलिंग तेच, अर्थ सापाने कात टाकणं. स्टेशनवर तिकीट काढताना 'स्लाउ' म्हणा.

करिअर_ओरिएंटेड

सर पीडीएफ?